निकाल बघून हप्ता: प्रायोगिक प्रकल्पाचा निधी टप्प्याटप्प्याने कसा सोडावा

प्रायोगिक प्रकल्पाच्या करारात "निधी चार हप्त्यांत, प्रगती पाहून दिला जाईल" असं एक वाक्य असतं आणि बहुतेक भांडणं त्याच वाक्यातून निघतात. प्रगती कोण पाहणार, कशावरून ठरवणार आणि ती अर्धवट झाली तर किती पैसे मिळणार, हे त्यात नसतं. मग हप्ता एकतर खर्चाची बिलं बघून सुटतो, नाहीतर कुणाच्या तरी सहीसाठी दोन महिने अडकतो. पहिल्या प्रकारात निकालाशी संबंधच राहत नाही आणि दुसऱ्यात हंगाम हातचा जातो.

समजण्यासाठी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेला एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआर निधीतून ३० लाख रुपये मिळणार आहेत. २५ टनांच्या साध्या कांदा चाळीत पंखे, हवा खेळवणारा छिद्रांचा पाइप आणि आर्द्रतेनुसार पंखा चालू-बंद करणारा पॅनेल बसवायचा आणि साठवणुकीतली घट कमी होते का ते बघायचं. पहिल्या हंगामात ४ चाळी, जमलं तर दुसऱ्या हंगामात आणखी ८. उदाहरण आणि त्यातले आकडे हिशेब दाखवण्यापुरते मानलेले आहेत. दोन टप्प्यांमधल्या तपासणीला पुढे सगळीकडे "नाका" म्हटलं आहे, कारण काम टोलनाक्यासारखंच आहे: थांबायचं, कागद दाखवायचे, मग पुढे.

## १. आधी नाक्यांचे दोन प्रकार वेगळे करा

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते, म्हणून सुरुवात इथून.

कामाचा नाका विचारतो: ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालं का? पंखे बसले का, करार झाले का, वजनं घेतली का? याचं उत्तर संस्थेच्या हातात असतं.

निकालाचा नाका विचारतो: कल्पना चालली का? घट खरंच कमी झाली का? हे उत्तर कांदा, हवामान आणि वीज मिळून देतात. संस्थेने काम चोख करूनही ते "नाही" येऊ शकतं आणि ते शोधण्यासाठीच तर प्रायोगिक प्रकल्प असतो.

आता समजा, मोजणी करणाऱ्या माणसांचा पगार ज्या हप्त्यात आहे तो हप्ताच "घट कमी झाली तर" या अटीला बांधला. नमुन्याच्या पिशव्यांत निवडक, घट्ट मानेचे कांदे भरले जातील. कुणी लबाड आहे म्हणून नव्हे, तर पगार त्यावर अवलंबून आहे म्हणून. सप्टेंबरमध्ये सुंदर आकडा हातात येईल आणि त्या आकड्यावर विसंबून तुम्ही आणखी आठ चाळींवर पैसे घालाल.

म्हणून नियम असा: मोजण्याचे पैसे कामाच्या नाक्यावर द्यायचे, निकाल काहीही येवो. विस्ताराचे पैसे मात्र निकालावरच. आपल्या उदाहरणात चार नाके आहेत आणि त्यातला निकालाचा एकच, दुसरा. बाकी तीन कामाचे.

> तपासा: करारातली प्रत्येक अट घेऊन विचारा, "संस्थेने सगळं नीट करूनही ही अट मोडू शकते का?" उत्तर "हो" असेल तर त्या अटीला पगार, वीजबिल, मोजणी यांपैकी काहीही बांधू नका.

## २. नाक्यांच्या तारखा पिकाच्या वेळापत्रकावर बसवा

तिमाही अहवालाच्या तारखांना नाके लावण्याची सवय कार्यालयांना असते. कांद्याला तिमाही कळत नाही. रब्बी कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो, सुकवून चाळीत भरला जातो आणि पुढचे चार-पाच महिने तिथे राहतो. ३० जूनला निकाल मागितलात तर कांदा चाळीत जेमतेम दोन महिने झालेला असेल आणि पावसाळ्यातली सड अजून दिसायचीच असेल.

उदाहरणातली मांडणी अशी:

| हप्ता | कधी | कशासाठी | रक्कम | आधीचा नाका |
|---|---|---|---|---|
| १ | डिसेंबर | ४ चाळींची सामग्री, शेतकरी निवड, मोजणीची तयारी | ६.५ लाख | करारावर सह्या |
| २ | एप्रिलचा पहिला आठवडा | पहिला हंगाम चालवणे व मोजणे | ६ लाख | नाका १, कामाचा |
| ३ | ऑक्टोबरचा मध्य | आणखी ८ चाळी | १० लाख | नाका २, निकालाचा |
| ४ | पुढचा एप्रिल | दुसरा हंगाम | ६ लाख | नाका ३, कामाचा |
| ५ | शेवट | अंतिम हिशेब, हस्तांतरण | ०.५ लाख | नाका ४, कामाचा |

राहिलेला १ लाख राखीव. तो कोणत्याही हप्त्यात मिसळायचा नाही, लेखी मागणी आल्याशिवाय सोडायचा नाही.

तारखा उलट्या क्रमाने काढा. चाळी २५ एप्रिल ते ५ मे या काळात भरतात. शेवटच्या चाळीचे १२० दिवस २ सप्टेंबरला पूर्ण होतात. २ ते ५ सप्टेंबर मोजणी, १० सप्टेंबरला अहवाल, २५ सप्टेंबरपर्यंत निर्णय, १० ऑक्टोबरपर्यंत पैसे खात्यावर. म्हणजे मोजणी संपल्यापासून पैसे येईपर्यंत सुमारे पाच आठवडे जातात. हा काळ कागदावर शून्य धरला जातो, आणि त्याच काळात प्रशिक्षित माणसं सोडून जातात.

## ३. ३१ मार्चचा प्रश्न आधी मिटवा

देणारी कंपनी असेल तर तिला कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधलं सीएसआर खर्चाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. आपला प्रकल्प दोन-तीन आर्थिक वर्षांत पसरतो, म्हणून संचालक मंडळाने तो "चालू प्रकल्प" म्हणून सुरुवातीलाच मंजूर केलेला असला पाहिजे. तसं असेल तर वर्षअखेर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या "अनस्पेंट सीएसआर" खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत प्रकल्पावर वापरता येते. तसं नसेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये नमूद केलेल्या निधीकडे वळवावी लागते. मग एप्रिलचा दुसरा हप्ता कुठून काढायचा?

इथे एक पळवाट हमखास सुचवली जाते: "मार्चमध्येच सगळे पैसे संस्थेला देऊन टाकू, आमचा खर्च दिसेल, त्यांचं काम होईल." ती चालत नाही. संस्थेला रक्कम देणं म्हणजे सीएसआर खर्च झाला असं धरलं जात नाही. संस्थेने ती प्रत्यक्ष वापरली पाहिजे आणि तसं कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. शिवाय एकदा पूर्ण रक्कम गेली की नाक्यांना अर्थच उरत नाही.

सुरुवातीलाच आणखी दोन कागद बघा. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआरचं काम घेण्यासाठी लागणारी नोंदणी हवी. आणि पंखे, पॅनेल कोणाच्या नावावर राहणार हे लिहून हवं. सीएसआरमधून झालेली भांडवली मालमत्ता एकट्या शेतकऱ्याच्या नावावर करण्याची सोय नियमांत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे ठेवावी लागते. हा मुद्दा पाचव्या हप्त्याच्या वेळी उकरला तर शेतकरी साहजिकच चिडतात, कारण तोवर त्यांनी पंखा आपला धरलेला असतो.

## ४. हप्त्याची रक्कम तीन भागांतून काढा

एकूण रक्कम घ्यायची आणि ४०-३०-२०-१० टक्के अशी वाटायची, ही पद्धत सोपी आहे आणि चुकीची आहे. प्रत्येक हप्त्यात तीन गोष्टी मावल्या पाहिजेत: त्या टप्प्याचा खर्च, निर्णय होईपर्यंतचा पगार आणि प्रकल्प तिथेच थांबला तर आवरण्याचा खर्च.

दुसऱ्या हप्त्याचे ६ लाख असे येतात:

- एप्रिल ते ऑगस्ट, दरमहा ७०,००० पगार: ३,५०,०००
- ४ चाळींचं वीजबिल व किरकोळ दुरुस्ती, दरमहा २,००० प्रत्येकी, ५ महिने: ४०,०००
- बाहेरच्या मोजणीदाराच्या दोन फेऱ्या: ५०,०००
- निर्णयाच्या काळातला दीड महिन्याचा पगार: १,०५,०००
- थांबावं लागलं तर: पॅनेल-पंखे उतरवणं २०,००० आणि शेवटचा अहवाल ३५,०००

पहिल्या तीन ओळींची बेरीज ४.४ लाख आहे. नेहमीचं बजेट तिथेच थांबतं. उरलेले १.६ लाख "जास्तीचे" वाटतात म्हणून वित्त विभाग ते कापतो. ते कापले की निकालाच्या नाक्यावर "थांबा" म्हणणंच अवघड होतं: हप्त्याचा निर्णय घेणाऱ्या समितीला माहीत असतं की पुढचा हप्ता अडवला तर माणसांचा सप्टेंबरचा पगार अडतो आणि उघडे पॅनेल चाळीत लटकत राहतात. मग निकाल वाईट असूनही हप्ता सुटतो. थांबण्याचे पैसे आधी ठेवलेले असले तरच थांबता येतं.

थांबण्याचे ५५,००० वापरले गेले नाहीत तर ते पुढच्या हप्त्यातून वळते करायचे. ही ओळ करारात हवी, नाहीतर ते प्रवासखर्चात विरून जातात.

> सावधान: "आधी खर्च करा, मग भरून देऊ" ही पद्धत लहान संस्थेसाठी वापरू नका. तिच्याकडे सहा महिने रेटण्याइतकं खेळतं भांडवल नसतं. ती दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे तात्पुरते इकडे फिरवेल आणि दोन्हीकडचा हिशेब बिघडेल.

## ५. निकालाची अट मोजता येईल अशी लिहा

"घटीत लक्षणीय कपात" ही अट नव्हे. पूर्ण अटीत पाच गोष्टी येतात: काय मोजायचं, कशाशी तुलना, कसं मोजायचं, कधी आणि किती आलं तर काय.

काय मोजायचं. कांद्याची घट तीन वाटांनी होते: वजन आटतं, कांदा सडतो, कोंब येतो. कोंब आलेला कांदा कमी भावात का होईना विकला जातो, म्हणून शेतकरी तो घटीत धरत नाही आणि संशोधक धरतो. काय धरायचं ते आधी ठरवा. इथे कोंब आलेला आणि सडलेला, दोन्ही घट धरू.

कशाशी तुलना. मागच्या वर्षाशी नको, कारण प्रत्येक वर्षाचा पाऊस वेगळा. प्रत्येक पंख्याच्या चाळीला त्याच गावातली एक साधी चाळ जोडायची आणि दोन्हीकडे एकाच शेतातल्या, एकाच दिवशी भरलेल्या कांद्याच्या नमुना-पिशव्या ठेवायच्या.

कसं मोजायचं. प्रत्येक चाळीत २० किलोच्या १२ जाळीदार पिशव्या, म्हणजे २४० किलो: चार तळाला, चार मधे, चार वर. पिशव्या ढिगातून सरसकट भरायच्या, निवड करायची नाही, आणि भरताना बाहेरचा मोजणीदार हजर हवा. प्रत्येक पिशवीला क्रमांकाचं प्लास्टिक सील. काटा दर वेळी २० किलोच्या प्रमाणित वजनाने तपासून त्याचा फोटो. मधल्या पिशव्या अधूनमधून उपसून बघायचा मोह टाळा. ढीग हलला की कांद्याला मार लागतो आणि सड वाढते.

कधी. इथे बाजार आडवा येतो. ऑगस्टमध्ये लासलगावला भाव चढला तर शेतकरी चाळ रिकामी करणारच आणि त्याला अडवणं योग्यही नाही. म्हणून अट अशी: "१२० दिवसांनी किंवा चाळ रिकामी होईल त्या दिवशी, जे आधी येईल तेव्हा. ९० दिवसांच्या आत रिकामी झाली तर ती जोडी मोजणीत नाही. जोडीतल्या दोन्ही चाळींचे नमुने एकाच दिवशी उघडायचे." आणि नमुन्याच्या कांद्याचे पैसे शेतकऱ्याला भरतानाच देऊन टाका, म्हणजे तो कांदा प्रकल्पाचा होतो आणि शेवटच्या दिवशी घासाघीस होत नाही.

किती. एका चाळीत २५ टन. घटीतला एक टक्का म्हणजे २५० किलो. भाव क्विंटलला १,५०० धरला तर ३,७५० रुपये. सामग्री ७०,००० ची आणि हंगामाचं वीजबिल-दुरुस्ती १०,००० ची. घट ८ टक्क्यांनी उतरली तर ३०,००० वाचतात, खर्च वजा जाता २०,००० उरतात आणि सामग्रीचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल होतात. घट ४ टक्क्यांनीच उतरली तर हाती ५,००० उरतात आणि वसुलीला १४ वर्षं लागतात. तोवर पंखा टिकणार नाही. म्हणून ८ आणि ४ या दोन रेषा. पातळी हवेतून किंवा प्रस्तावातल्या आश्वासनातून घेतली की पुढे तिचं समर्थन कुणालाच करता येत नाही.

> सावधान: "१० टक्के कपात" असं मोघम लिहू नका. घट ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली तर फरक १० अंकांचा. पण ३५ वरून ३१.५ वर आली तरी "मूळ घटीत १० टक्के कपात" म्हणता येतं आणि तो फरक फक्त ३.५ अंकांचा असतो. करारात "साध्या चाळीची घट टक्केवारी वजा पंख्याच्या चाळीची घट टक्केवारी" असं वजाबाकीच्या भाषेत लिहा.

## ६. "पास-नापास" ऐवजी चार निर्णय ठरवा

निकाल येण्याआधी, करारावर सह्या होतानाच, हे लिहून ठेवायचं:

1. सरासरी फरक ८ किंवा अधिक: पूर्ण १० लाख, ८ चाळी.
2. ४ ते ८ पेक्षा कमी: फक्त ४ चाळी, ठरवलेल्या दुरुस्तीसह. रक्कम ७.२ लाख.
3. ४ पेक्षा कमी: विस्तार नाही. आवरण्याचा खर्च आधीच्या हप्त्यात आहे तो वापरायचा आणि प्रकल्प बंद.
4. चाचणीच झाली नाही: वैध जोड्या तीनपेक्षा कमी असतील तर वरचे तिन्ही निर्णय लागू नाहीत. विस्तार न करता त्याच चार चाळी आणखी एक हंगाम चालवायच्या की नाही, यावर नवा करार.

चौथा निर्णय लोक विसरतात. कल्पना अपयशी ठरली आणि कल्पना तपासलीच गेली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीच्या फीडरवर चोवीस तास वीज नसते. पंखा चालायला हवा होता तेव्हा वीज नसेल तर त्या चाळीचा आकडा पंख्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक पंख्याला चालू तास मोजणारा मीटर लावायचा आणि अट घालायची: पॅनेलने मागितलेल्या तासांपैकी किमान ८० टक्के तास पंखा चाललेला असेल तरच ती जोडी वैध.

## ७. पहिला नाका: मार्चमधली कामाची तपासणी

हा नाका लवकर उरकायचा. चार चाळींत सामग्री बसून चालू झाली, प्रत्येक मीटरचं पहिलं वाचन नोंदलं, आठही शेतकऱ्यांशी (चार पंख्याचे, चार साध्या चाळीचे) लेखी करार झाला, बाहेरचा मोजणीदार नेमला, एवढंच बघायचं. शक्य असेल तर समितीतल्या एकाने स्वतः जाऊन दोन चाळी बघाव्यात, पंखा लावून बघावा. फोटोत पंखा नेहमीच फिरत असतो.

खर्चाच्या बाबतीत, आधीचा हप्ता १०० टक्के संपल्याचं सीएचं प्रमाणपत्र मागू नका. विक्रेत्याचे शेवटचे १० टक्के बसवणी तपासल्यावर द्यायचे असतात, म्हणून पैसे पूर्ण संपलेले असणं हे उलट वाईट लक्षण आहे. ८० टक्के खर्च किंवा पक्की खरेदी-ऑर्डर, बँक विवरणाची प्रत आणि संस्थेच्या हिशेबनिसाची सही असलेलं तात्पुरतं पत्रक पुरे. सीएचं प्रमाणपत्र वर्षाला एकदा, कंपनीच्या वर्षअखेरीला लागतं तेव्हा घ्या.

कामाच्या नाक्यासाठी आणखी एक कलम ठेवा: अहवाल पोचल्यापासून १५ दिवसांत समितीने लेखी हरकत घेतली नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. निकालाच्या नाक्याला हे कलम लावायचं नाही. तिथे मौन म्हणजे मंजुरी नव्हे, तिथे बसून आकडे बघावेच लागतात.

> तपासा: हप्ता ७ एप्रिलपर्यंत खात्यावर आला नाही तर काय? चाळ भरणं थांबणार नाही, शेतकरी भरतोच. नमुना-पिशव्या मात्र राहून जातील आणि पूर्ण हंगामाची मोजणी बुडेल. पिशव्या, सील आणि काटा पहिल्या हप्त्यातच घेऊन ठेवा.

## ८. दुसरा नाका: आकडे हातात आल्यावर

आता खरी परीक्षा. समजा चार जोड्यांचे फरक असे आले: ११, ९, ६ आणि १. चौथ्या चाळीत पंखा मागितलेल्या तासांपैकी ५५ टक्केच चालला.

चौथी जोडी धरली तर सरासरी ६.७५ येते, निर्णय दुसरा, रक्कम ७.२ लाख. वगळली तर सरासरी ८.६७ येते, निर्णय पहिला, रक्कम १० लाख. एका चाळीवर २.८ लाखांचा फरक. ८० टक्क्यांची अट सप्टेंबरमध्ये सुचली असती तर ती संस्थेने आपल्या सोयीसाठी काढली असं देणाऱ्याला वाटलं असतं, आणि तसं वाटणं रास्तच ठरलं असतं. ती डिसेंबरपासून करारात आहे म्हणून वाद नाही. जोडी वगळायची, तीन वैध जोड्या उरतात, निर्णय पहिला.

पण इथेच थांबू नका. पंखा ५५ टक्के का चालला? पॅनेल बिघडला असेल तर तो एका चाळीचा प्रश्न. वीज नव्हती म्हणून असेल, आणि नवीन आठ चाळी तसल्याच फीडरवर असतील, तर ८.६७ हा आकडा खरा असूनही तिथे उपयोगाचा नाही. अशा वेळी निर्णय बदलायचा नाही, तो नियमाने ठरला आहे. आठ जागा निवडताना मात्र वीज किती तास असते याची नोंद मागायची. त्यासाठी करारात "समिती निर्णय बदलू शकत नाही, जागांबाबत अट घालू शकते" एवढी एक ओळ पुरते.

निर्णयाच्या बैठकीला तिघे हवेत: कंपनीचा एक, संस्थेचा एक आणि दोघांच्याही पगारावर नसलेला एक, म्हणजे कृषी विद्यापीठातला किंवा कृषी विज्ञान केंद्रातला साठवणुकीचा जाणकार. मोजणीदार आकडे मांडतो, मत देत नाही. बैठकीच्या टिपणात चार गोष्टी लिहायच्या: कोणत्या जोड्या वैध, सरासरी किती, चारपैकी कोणता निर्णय, रक्कम किती. कच्च्या नोंदवहीच्या पानांचे फोटो त्याला जोडायचे, फक्त तक्ता नको. तक्त्यात चाळीतल्या २४० किलोच्या नमुन्यातून १८० किलो चांगला कांदा निघाला एवढंच दिसतं. वहीत तळाच्या चार पिशव्या जवळपास सडल्या आणि वरच्या आठ खणखणीत राहिल्या हे दिसतं. तसं असेल तर पाइप तळापर्यंत हवा पोचवत नाही आणि पुढच्या आठ चाळींत तो बदलायला हवा.

या नाक्यावर नेहमी होणाऱ्या तीन चुका:

- रेषा हलवणं. सरासरी ७.८ आली की "जवळजवळ ८ च" असं म्हणून पूर्ण हप्ता सोडला जातो. ७.८ म्हणजे दुसरा निर्णय. पटत नसेल तर राखीव लाखातून एखादी जादा चाळ मागा, रेषा नका हलवू.
- निकालाऐवजी मेहनत मोजणं. "संस्थेने किती शेतकरी-मेळावे घेतले" हे या बैठकीत नको. त्याचे पैसे कामाच्या नाक्यावर मिळालेत.
- अर्धा हप्ता "तात्पुरता" सोडणं. अर्ध्या पैशात आठ पंख्यांची ऑर्डर देता येत नाही. विक्रेता आगाऊ रक्कम मागतो, भाव वाढतो, आणि फेब्रुवारीत चाळी अर्धवट. हप्ता लहान करायचा तर कामही तेवढंच लहान करा. ४ चाळींचे ७.२ लाख त्यासाठीच वेगळे काढले आहेत: सामग्रीचे २.८ लाख, ऑक्टोबर मध्य ते मार्चचा पगार ३.८५ लाख, आवरण्याचे ०.५५ लाख. चाळी निम्म्या झाल्या तरी पगार निम्मा होत नाही, हे लक्षात ठेवा.

## ९. तिसरा आणि चौथा नाका

तिसरा नाका पहिल्याचीच उजळणी आहे, चाळी तेवढ्या जास्त. फरक एवढाच की जुन्या चार चाळींचे पंखे आणि आर्द्रता-सेन्सर पुन्हा तपासायचे. कांद्याची धूळ आणि फोलपटं सेन्सरवर बसतात आणि वर्षभरात तो चुकीचं वाचन देऊ लागतो. शेजारी दुसरं चांगलं यंत्र ठेवून दोन्ही वाचनं जुळतात का बघा.

चौथ्या नाक्यावर फक्त अर्धा लाख अडकलेला आहे आणि तो मुद्दाम लहान ठेवलाय. शेवटचा हप्ता २० टक्क्यांचा ठेवला की संस्थेला तोवर स्वतःच्या खिशातून काम रेटावं लागतं. अगदी शून्य ठेवला तर अंतिम कागद कधीच येत नाहीत. हे ५०,००० या तीन गोष्टींवर द्यायचे: सीएने प्रमाणित केलेलं संपूर्ण उपयोगिता प्रमाणपत्र, पंखे-पॅनेलची अनुक्रमांकासह यादी आणि ती ज्या संस्थेच्या किंवा गटाच्या ताब्यात गेली त्यांची पोचपावती, आणि दोन्ही हंगामांच्या कच्च्या नोंदवह्यांची प्रत.

न वापरलेली रक्कम, राखीव लाखातलं जे सोडलं असेल त्यातलं उरलेलं आणि प्रकल्पाच्या खात्यावर जमा झालेलं बँकेचं व्याज यांचं काय करायचं तेही करारातच हवं. सोपं कलम: उरलेली रक्कम आणि व्याज ३० दिवसांत कंपनीकडे परत. व्याज छोटं असतं म्हणून ते विसरलं जातं, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षक नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतो.